एप्रिलमध्ये आकडा घसरला, बेस नाही

*सर, मी ४१ वर्षांची, पर्वरीला राहते, नोकरी पणजीत. गेल्या ऑक्टोबरपासून, बोलता येईल इतक्याच वेगाने धावते आहे. आठवड्यातून एकदा सकाळी सव्वासहाला पाटो ते रायबंदर कॉजवेवरून जाऊन-येऊन सहा किलोमीटर करते आणि पेस व ठोके वहीत लिहिते. ऑक्टोबरमध्ये किलोमीटरला ८:१० मिनिटं या पेसला सरासरी १४६ ठोके होते, जानेवारीत ७:५० ला १४१. फार आनंद झाला होता. आता एप्रिलमध्ये ८:०५ ला १५१! म्हणजे ऑक्टोबरपेक्षाही वाईट. सहा महिन्यांचं धावणं पाण्यात गेलं का? ग्रुपमधले म्हणतात, हळू धावून काही होत नाही, आता वेग वाढव. वहीच्या पानांचे फोटो पाठवते आहे.*

*— एक वाचक, पर्वरी*

ताई, पाण्यात काही गेलेलं नाही. त्याचा पुरावा तुमच्या वहीतच आहे, फक्त तो सरासरीच्या रकान्यात दिसत नाही. तुम्ही दर किलोमीटरचे आकडे लिहून ठेवलेत हे फार बरं केलंत, कारण खरं उत्तर त्यांच्यातून निघतं.

आधी हिशेब सोपा करू. पेस आणि ठोके हे दोन आकडे वेगवेगळे पाहिले की गोंधळ होतो, कारण दोन्ही एकाच वेळी हलत असतात. म्हणून त्यांचा एकच आकडा करायचा: हृदयाच्या एका ठोक्यात तुम्ही किती पुढे गेलात. पेसचे सेकंद करा आणि ६०,००० ला त्यांनी भागा, म्हणजे मिनिटाला किती मीटर ते मिळेल. त्याला सरासरी ठोक्यांनी भागा. ऑक्टोबरचा ८:१० चा पेस म्हणजे ४९० सेकंद, म्हणजे मिनिटाला १२२.४ मीटर, १४६ ने भागलं की ०.८४ मीटर. एका ठोक्यात ८४ सेंटिमीटर. याच रीतीने जानेवारीचे ९०.५ सेंटिमीटर येतात आणि एप्रिलचे ८२.

हा आकडा महिनोन् महिने वर का सरकतो? ठरावीक वेगाने धावायला शरीराला लागणारा ऑक्सिजन साधारण तेवढाच राहतो, त्यात सहा महिन्यांत फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो पोहोचवण्यात आणि वापरण्यात. नियमित सावकाश धावण्याने पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकू लागतं. पुढे पायांच्या स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि आलेल्या रक्तातून स्नायू जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. हे दुसरं काम महिन्यांचं आहे, त्याला घाई चालत नाही. दोन्ही मिळून तोच वेग कमी ठोक्यांत निभावतो. एरोबिक बेस वाढला असं आपण म्हणतो ते हेच.

पण हृदयाला धावण्याखेरीज आणखी एक काम असतं, आणि गोव्यात ते काम मोठं आहे: अंग थंड ठेवणं. गरम झालं की रक्ताचा एक हिस्सा स्नायूंकडे न जाता त्वचेकडे वळतो. घामातून पाणी जातं, रक्ताचा द्रवभाग कमी होतो, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, मग एका ठोक्यात बाहेर जाणारं रक्तही घटतं. तेवढंच रक्त फिरवायचं तर ठोके वाढवण्याशिवाय हृदयाकडे दुसरा मार्ग नसतो. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होतं. एप्रिलच्या आपल्या दमट हवेत तो नुसता निथळत राहतो. अंग भिजतं, पण हवं तेवढं थंड होत नाही.

आता तुमच्या सव्वासहाकडे पाहा. जानेवारीत पणजीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला निघून सात-पाचला तुम्ही पाटोला परत, म्हणजे जवळपास सगळं धावणं अंधारात किंवा झुंजुमुंजू उजेडात, वर्षातल्या सगळ्यांत गार हवेत. एप्रिलच्या मध्यावर सूर्योदय सहा-वीसच्या आसपास असतो. तेच सव्वासहा, पण निघताच उजाडतं, आणि कॉजवेवर रायबंदरकडे जाताना सूर्य समोरून येतो. दोन्ही बाजूंना मिठागरं, खारफुटी आणि पाणी, डोक्यावर झाडाची सावली जवळजवळ नाही. घड्याळात वेळ तीच दिसते, अंगाला मात्र ती वेगळीच लागते. ऑक्टोबरचा सूर्योदयही साडेसहाच्या आतबाहेरचाच, आणि पावसाळा सरल्यावरचा तो उकाडा तुम्हाला माहीत आहेच. म्हणून एक गोष्ट कडू वाटली तरी मान्य करावी लागेल: ऑक्टोबर ते जानेवारी जी साडेसहा सेंटिमीटरची वाढ दिसली, तीही सगळी तुमच्या बेसची नव्हती. काही वाटा थंडीचा होता. जानेवारीचा आनंद थोडा जास्त झाला आणि एप्रिलचं दुःख बरंच जास्त होतंय.

मग थंडीचा वाटा किती आणि तुमचा किती, हे कसं ओळखायचं? इथे दर किलोमीटरच्या नोंदी कामाला येतात. सहा किलोमीटरचे दोन भाग करा, जाताना तीन आणि येताना तीन, आणि दोन्हींचा आकडा वेगळा काढा. मी तुमच्या पानांवरून काढला. ऑक्टोबरमध्ये जाताना ८:०० चा पेस आणि १४३ ठोके, म्हणजे ८७.४ सेंटिमीटर, येताना ८:२० आणि १४९, म्हणजे ८०.५. जवळपास ८ टक्के घसरण. जानेवारीत जाताना ७:४८ ला १४०, म्हणजे ९१.६, येताना ७:५२ ला १४२, म्हणजे ८९.५. घसरण २ टक्क्यांच्या थोडी वर. आता एप्रिल: जाताना ८:०२ ला १४८, म्हणजे ८४.१, येताना ८:०८ ला १५४, म्हणजे ७९.८. घसरण ५ टक्के.

एप्रिलची ही ५ टक्क्यांची घसरण मला फार बोलकी वाटते. बेस कच्चा असलेला धावपटू दुसऱ्या अर्ध्यात कोसळतो: वेग कमी होतो आणि ठोके तरीही चढतात. ऑक्टोबरमध्ये तुमचं नेमकं हेच झालं होतं. एप्रिलमध्ये ऊन जास्त, हवा जास्त दमट, तरी पेस फक्त सहा सेकंदांनी उतरला आणि घसरण ऑक्टोबरपेक्षा कमी राहिली. सरासरी आकडा खाली आहे, पण धावणं शेवटपर्यंत टिकलं. बेस ऑक्टोबरच्या खाली गेला असता, तर इतक्या वाईट हवेत ही घसरण ८ च्या वर जायला हवी होती. प्रशिक्षक साधारण ५ टक्क्यांच्या आत घसरण असली की त्या अंतरासाठी बेस पुरेसा आहे असं धरतात. तुम्ही भर एप्रिलमध्ये त्या रेषेवर आहात.

अर्थात या पुराव्यालाही मर्यादा आहे. ऑक्टोबरमध्ये तुम्ही सुरुवात थोडी जोरात केली होती, आणि जोरात सुरुवात केली की दुसऱ्या अर्ध्याची घसरण मुळातच मोठी दिसते. शिवाय एकाच वेगाने एकाच रस्त्यावर धावलं तरी, हवा सारखी असतानाही, रोजच्या ठोक्यांत दोन-चारचा फरक पडतोच. रात्री झोप नीट झाली नसेल, आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलं गेलं असेल, निघण्याआधी कॉफी झाली असेल, तर आकडा हलतो. पाळी येण्याआधीच्या दिवसांत शरीराचं तापमान किंचित वर असतं, तेव्हाही ठोके काहींचे थोडे चढे राहतात. म्हणून एका धावण्यावरून कधीच निकाल देऊ नका. महिन्यातल्या चार धावण्यांची सरासरी काढा, आणि दोन महिन्यांच्या सरासरीत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर तो नाहीच असं समजा.

एक नोंद मात्र आजच खोडून टाका. मार्चच्या एका पानावर दुसऱ्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत ठोके १६४ वर खिळलेले आहेत, आणि त्याच पानावर तुमची पावलंही मिनिटाला १६४ आहेत. ते तुमचं हृदय नव्हतं. मनगटावरचं घड्याळ त्वचेखालून परतणारा प्रकाश पाहून ठोके मोजतं. घामाने पट्टा सैल झाला आणि घड्याळ हलू लागलं की ते पावलांचा ताल पकडतं आणि तोच ठोके म्हणून दाखवतं. ओळखायची खूण हीच: आकडा एकाएकी वर उडी मारतो, मग हलेनासा होतो, आणि पावलांच्या आकड्याशी जुळतो. तुम्हाला मात्र तेवढी धाप लागलेली नसते. शंका आली तर थांबा, मानेवर बोटं ठेवा आणि लगेच १० सेकंद मोजून ६ ने गुणा. उशीर केलात तर ठोके उतरलेले असतील. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. जमलं तर छातीचा पट्टा घ्या. एप्रिल-मेच्या घामात त्याच्यावर घड्याळापेक्षा जास्त भरवसा ठेवता येतो.

आता ग्रुपमधल्या मंडळींच्या सल्ल्याकडे येतो, कारण त्यात एक फसगत आहे आणि ती आकड्यांतूनच होते. समजा तुम्ही त्यांचं ऐकून पुढच्या आठवड्यात ७:०० च्या पेसने धावलात आणि ठोके १६४ गेले. हिशेब करा: मिनिटाला १४२.९ मीटर, भागिले १६४, म्हणजे ८७ सेंटिमीटर. ८२ वरून थेट ८७! ग्रुपमध्ये टाळ्या पडतील. पण बेस एका आठवड्यात वाढलेला नाही. हृदय आपण उभे असतानाही चालूच असतं. त्या मूळच्या ठोक्यांत आपण कुठेच पुढे जात नाही. वेग वाढवला की ते फुकटचे ठोके जास्त मीटरांत वाटले जातात, म्हणून भागाकार आपोआप मोठा येतो. त्याच कारणाने खूप हळू धावलं किंवा मधेच चाललं तर आकडा खाली दिसतो. म्हणजे हा आकडा फक्त सारख्या जोराच्या धावण्यांमध्येच ताडून पाहायचा. एक तर वेग बांधून ठेवा आणि ठोके उतरतात का पाहा, नाही तर ठोके बांधून ठेवा आणि वेग वाढतो का पाहा. दोन्ही मोकळे सोडले तर हवं ते उत्तर काढता येतं.

तुम्हाला मी वेग बांधायला सांगेन, आणि तोही कॉजवेवर नाही. पर्वरी-पणजीत एसी असलेल्या जिम आहेत, त्यातली एक निवडा आणि महिन्यातून एकदा ट्रेडमिलवर चाचणी करा. मशीन दर वेळी तेच घ्या, शेजारचं नको. दोन मशीन एकच वेग दाखवत असली तरी पट्टे वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. चढ १ टक्क्यावर ठेवा, पंखा समोर लावा. पहिली दहा मिनिटं ताशी साडेसहाने अंग गरम करा. मग वेग ताशी साडेसात करा, हा बरोबर ८:०० चा पेस आहे, आणि वीस मिनिटं त्याला हात लावू नका. त्यातली पहिली पाच मिनिटं सोडून द्या, ठोके तोवर स्थिरावत असतात. उरलेल्या पंधरा मिनिटांची सरासरी लिहून ठेवा. दिवसाची वेळ, खाणं-पिणं आणि शक्यतो पाळीच्या चक्रातले दिवसही सारखे ठेवा. वेग बांधलेला असल्यामुळे इथे भागाकाराचीही गरज नाही, ठोके तेवढे पाहायचे. मे महिन्यात समजा १४६ आले, जूनमध्ये १४४ आणि ऑगस्टमध्ये १४०, तर बेस वाढतोय. तीन चाचण्यांत १४५-१४६-१४५ असेच राहिले तर तो जागेवर आहे. उन्हापावसाचा तिथे काही संबंध उरत नाही. जूनपासून पाऊस लागला की हीच चाचणी धागा तुटू देणार नाही.

कॉजवेवरची नोंदही सोडू नका, फक्त ती घड्याळाऐवजी सूर्याशी बांधा. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी निघायचं, म्हणजे आता साडेपाचला, जानेवारीत सव्वासहाला. अंधारात वाहनं वेगात जातात, तेव्हा समोर-मागे दिवा आणि चमकणारं जॅकेट घालूनच निघा. आणि कॉजवेवरच्या आकड्याची तुलना महिन्याची मागच्या महिन्याशी न करता वर्षाची मागच्या वर्षाशी करा. येत्या ऑक्टोबरमधल्या चार धावण्यांची सरासरी गेल्या ऑक्टोबरच्या ८४ शी लावून पाहायची, आणि त्यासोबत दुसऱ्या अर्ध्याची घसरण ८ च्या शेजारी ठेवायची. पुढच्या जानेवारीची तुलना याच जानेवारीच्या ९०.५ शी. तेव्हा मात्र वाढ या वेळेइतकी मोठी निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. नव्या धावपटूचा आकडा पहिल्या वर्षी भराभर चढतो. पुढे वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर मिळाले तरी ते भक्कम असतात.

या दोन महिन्यांत धावणं कसं ठेवायचं? ठोके १४५ च्या आत ठेवा आणि पेस जाईल तिथे जाऊ द्या. मेमध्ये त्यासाठी ८:३० च्या पेसने धावावं लागलं, एखाद्या दिवशी मधे चालावं लागलं, तरी चालेल. बेस बांधण्यासाठी लागणारा ताण स्नायूंना आणि हृदयाला तेवढ्यातही मिळतो. वेगाची हौस असेल तर आठवड्यातून एका दिवशी, सावकाश धावणं संपल्यावर, वीस-वीस सेकंदांच्या पाच-सहा मोकळ्या धावा काढा, प्रत्येकीनंतर पूर्ण दम घेऊन. त्याने पाय तरतरीत राहतात आणि बेसला धक्का लागत नाही. त्या दिवशीचा आकडा मात्र तुलनेच्या वहीत धरू नका.

आणखी एक गोष्ट मी पुढच्या पंधरवड्यात तुम्हाला पाहायला सांगेन. गरम हवेत रोज थोडं धावत राहिलं की साधारण दहा ते चौदा दिवसांत शरीर सरावतं: घाम लवकर सुटतो, रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्याच पेसला ठोके चार-पाचने उतरतात. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीचा आकडा बऱ्याचदा जास्तच वाईट दिसतो. हवा तशीच राहून तो महिनाअखेरीला थोडा सावरला, तर सगळं ठीक चाललंय असं समजा.

तो सावरला नाही, उलट एसीतल्या चाचणीतही ठोके महिन्यामागून महिना चढत गेले, सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी नेहमीपेक्षा सहा-सातने वर राहू लागली, किंवा ऑफिसचा एक जिना चढताना धाप लागू लागली, तर मात्र उन्हाला दोष देत बसू नका आणि धावण्याच्या वहीत उत्तर शोधू नका. तुमच्या वयात, पाळीचा स्राव जास्त असेल तर, लोह कमी होणं अगदी सर्रास आढळतं, आणि धावणाऱ्यांत त्याची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते: तोच वेग, चढते ठोके. डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. फेरिटिन मुद्दाम सांगतो, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा खाली गेलेला असू शकतो. मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, आधी रिपोर्ट हातात येऊ द्या.